चवथीच्या महिन्यातलं क्लोजिंग: कुंडईतल्या चार जणांच्या अकाउंट्स टीमचं प्रकरण

कंपनीचं नाव लिहीत नाही, कुंडई औद्योगिक वसाहतीतला कोरुगेटेड बॉक्स बनवणारा कारखाना आहे एवढं पुरे. गिऱ्हाईक मुख्यतः फार्मावाले, काही वेर्णा-पिळर्णचे आणि दोन गोव्याबाहेरचे. अकाउंट्समध्ये चार माणसं. सगळं बघणाऱ्या एक सीनियर मॅडम, एक मुलगी खरेदी आणि देणेकऱ्यांचं बघते, एक मुलगा विक्री, येणं आणि जीएसटी, आणि चौथा अर्धा वेळ रोख, पगार आणि स्टोअरचे कागद. सीए बाहेरचे. मी ह्या लोकांना क्लोजिंगचं, म्हणजे महिन्याची पुस्तकं बंद करायचं, वेळापत्रक बसवायला बाहेरून मदत करत होतो आणि ज्या महिन्याबद्दल लिहितोय तो ऑगस्ट २०२५. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, बाकी घडलं तसंच.

आधीची परिस्थिती अशी की महिन्याचा रिपोर्ट शेठच्या टेबलावर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास जायचा, म्हणजे जुलैमध्ये तोटा झालाय हे कळेपर्यंत ऑगस्ट अर्ध्याहून जास्त उलटलेला. बँकेला कॅश क्रेडिटसाठी स्टॉक स्टेटमेंट मात्र दहा तारखेच्या आत लागतं, कारण ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या खात्यातून किती उचलता येईल ते, त्यावर ठरते, मग दहाला अंदाजाने स्टेटमेंट जायचं आणि वीसला पुस्तकातला स्टॉक वेगळाच निघायचा. दोन-तीनदा बँकेने हा फरक का म्हणून विचारलं तेव्हा शेठ चिडले आणि तिथून हे काम सुरू झालं.

सगळ्यांचं म्हणणं होतं की टीम लहान आहे, माणूस वाढवा. पण मागच्या तीन महिन्यांच्या एन्ट्र्या काढून, कुठलं व्हाउचर महिना संपल्यावर किती दिवसांनी पडलं ते बघितलं तेव्हा चित्र वेगळं होतं. काम जास्त नव्हतं, कागद उशिरा येत होते आणि जे येत होते ते कुठल्या महिन्याचे हे ठरवायला कुणाकडे पक्का आधार नव्हता. ट्रान्सपोर्टरची बिलं आठ-दहा तारखेला, लेबर कॉन्ट्रॅक्टरचं बिल त्याच सुमारास, वीजखात्याचं बिल त्याहून पुढे, आणि प्रत्येक बिल आलं की मागच्या महिन्यात जाऊन एन्ट्री. रोज थोडं थोडं मागे जायचं, त्यामुळे पाच तारखेला काढलेला ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, बाराला वेगळा दिसायचा आणि कुणी विचारलं तर उत्तर एकच, अजून क्लोजिंग चालू आहे.

मला स्वतःला कट-ऑफ, म्हणजे कुठला व्यवहार कुठल्या महिन्यात हे ठरवणारी रेघ, ह्याच एका गोष्टीत सगळं अडकलेलं दिसत होतं. "एकतीस तारखेपर्यंतचं सगळं घ्यायचं" हा नियम ऐकायला बरोबर वाटतो पण गेटवर उपयोगाचा नाही, कारण तारीख कागदावर कुणीही काहीही टाकतं. बिलावर एक तारीख, गेट रजिस्टरला दुसरी, स्टोअरने माल घेतल्याच्या नोंदीवर, म्हणजे जीआरएनवर, तिसरी. म्हणून आम्ही ठरवलं की कट-ऑफ तारखेने नाही तर नंबरने बांधायचा. महिन्यातला शेवटचा इन्व्हॉइस नंबर, शेवटचा बाहेर जाणारा गेटपास नंबर, गेटच्या आवक रजिस्टरातला शेवटचा नंबर, शेवटचा जीआरएन नंबर आणि शेवटचा दिलेला चेक नंबर. हे पाच नंबर एका कागदावर लिहायचे, वॉचमन, स्टोअरवाला आणि मॅडम तिघांनी सह्या करायच्या. त्या नंबरपर्यंतचं ह्या महिन्यात, पुढचं पुढच्यात. आणि मधला एकही नंबर तुटलेला दिसला तर तिथे थांबून कारण शोधायचं.

ऑगस्ट २०२५ मुद्दाम निवडला नव्हता, तो समोर आला. चवथ २७ ऑगस्टला बुधवारी, २८ पण सुट्टी, आणि गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको की २६ ला दुपारनंतर माटोळीच्या बाजाराला गेलेला माणूस पुन्हा कधी दिसेल ते त्याच्या घरच्या गणपतीवर अवलंबून. कारखान्याने २७ ते २९ बंद ठेवला, शनिवारी ३० ला मोजकी माणसं घेऊन एक गाडी पाठवायची होती आणि ३१ रविवार. म्हणजे महिन्याचे शेवटचे पाच दिवस जवळजवळ शून्य काम. मॅडमचं पहिलं म्हणणं, "ह्या महिन्यात नको हो, सप्टेंबरपासून करूया." मला उलट वाटलं, मशीन बंद असताना कट-ऑफ सगळ्यात स्वच्छ बसतो. शेवटी त्या तयार झाल्या, पण एका अटीवर की ३० आणि ३१ ला अकाउंट्सच्या कुणालाही बोलवायचं नाही. अट रास्त होती आणि वेळापत्रक त्या अटीभोवतीच बांधलं.

वेळापत्रक बांधताना उलटीकडून आलो. आधी ज्या तारखा आपल्या हातात नाहीत त्या मांडल्या. टीडीएस भरायची तारीख ७ सप्टेंबर आणि तो रविवार, म्हणून आपल्यासाठी ६. बँकेचं स्टेटमेंट १०. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, ११. पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं जीएसटीआर-२बी पोर्टलवर १४ ला तयार होतं. पीएफ आणि ईएसआय १५. कर भरायच्या जीएसटीआर-३बी ची २०, तोही शनिवार, म्हणून १८ धरली. मग शेठला रिपोर्ट कधी ते ठरलं, ८ सप्टेंबर सोमवार, कारण स्टॉक स्टेटमेंट पुस्तकातल्याच आकड्यावर जायचं असेल तर पुस्तक त्याच्या आधी बंद व्हायला हवं, आणि मध्ये एक दिवस चुका बघायला हवा. रिपोर्ट ८ ला म्हणजे ट्रायल बॅलन्स ४ च्या संध्याकाळी कुलूपबंद, म्हणजे १ ते ४ असे कामाचे चारच दिवस हातात. चार दिवसांत चार माणसांनी सगळं करायचं तर जे १ तारखेच्या आधी होऊ शकतं ते आधीच व्हायला हवं, हे मग आपोआपच आलं.

म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच निम्मं काम उरकलं. २५ ला खरेदीवाल्या मुलीने नेहमीच्या सगळ्या पुरवठादारांना आणि ट्रान्सपोर्टरना व्हॉट्सअप टाकला की २६ च्या दुपारपर्यंत जी बिलं हातात येतील ती ऑगस्टची, बाकीच्यांची आम्ही आमच्या हिशोबाने तरतूद करू, तुम्ही सावकाश पाठवा. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण पूर्वी उशिरा आलेल्या बिलावरून दोन्हीकडे भांडण व्हायचं. पेटी कॅश २६ ला मोजून बंद, कुणाकडे ॲडव्हान्स असेल तर त्याच दिवशी बिलं द्यायची. लेबर कॉन्ट्रॅक्टरला मात्र सूट दिली नाही. त्याच्या बिलावर टीडीएस आहे, तो ज्या महिन्यात खात्यात जमा दाखवाल किंवा पैसे द्याल त्यातलं जे आधी त्याप्रमाणे कापायचा असतो आणि पुढच्या सातला भरायचा असतो, तेव्हा त्याचं बिल दोन तारखेला हातात हवंच. त्याला सांगितलं की हजेरीपत्रक सोमवारी सकाळी सही करून देतो, तू त्यावरच ३१ तारखेचं बिल बनव. आधी कुरकुर केली, मग लक्षात आलं की बिल लवकर तर पैसेही लवकर.

आणि २६ च्या संध्याकाळी, मशीन थांबल्यावर, कागदाच्या रिळांची आणि तयार बॉक्सची प्रत्यक्ष मोजणी केली. एकतीसला मोजायला कुणी नव्हतं, म्हणून २६ ची मोजणी घेऊन ती ३१ पर्यंत पुढे न्यायची असं ठरलं, म्हणजे २६ चा साठा, अधिक त्यानंतरची आवक, वजा त्यानंतर वापरलेला किंवा बाहेर गेलेला माल. एरवी पाच दिवस पुढे न्यायचं म्हणजे पाच दिवसांचं उत्पादन आणि वापर हिशोबात घ्यावा लागला असता. चवथीमुळे मध्ये फक्त शनिवारची एक गाडी होती. पाच नंबरचा कागद शनिवारी वॉचमनने आणि स्टोअरवाल्याने लिहून फोटो काढून मॅडमना पाठवला, त्यांनी घरूनच पाहिला, सही सोमवारी केली.

१ सप्टेंबरला सोमवारी सकाळी सगळ्यात आधी बँक. हा क्रम मी सोडत नाही, कारण बँक जुळल्याशिवाय येणं-देणं जुळवायला बसलात तर एकच फरक तीन ठिकाणी शोधत बसाल. पुस्तकात कॅश क्रेडिट ३८,४०,००० वापरलेलं, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ३६,१५,०००. फरक २,२५,०००. दिलेले पण अजून वटायला न आलेले चेक ३,१०,००० चे, म्हणजे बँकेकडे तेवढं कमी वापरलेलं दिसणार, उरले ३५,३०,०००. बँकेने ३१ ला लावलेलं व्याज ३१,००० आपल्याकडे नोंदलेलं नव्हतं, ते धरून ३५,६१,०००. आणि एका गिऱ्हाईकाचा ५४,००० चा चेक २६ ला भरलेला, २७-२८ बँका बंद, तो अजून जमा व्हायचा होता, म्हणजे ३६,१५,०००. जुळलं. व्याजाची एन्ट्री ३१ ऑगस्टच्या तारखेने केली, चेकच्या दोन गोष्टी फक्त यादीत राहिल्या. यादीत राहणाऱ्या प्रत्येक गोष्टीपुढे "कधीपर्यंत सुटायला हवी" ही तारीख लिहायची असं ठरवलंय, ५४,००० पुढे ३ सप्टेंबर लिहिलं होतं आणि ३ ला तो जमा झालेला दिसला. ही तारीख नसेल तर जुळणीपत्रकात सहा-सहा महिने जुने चेक निवांत बसून राहतात आणि बेरीज मात्र दर महिन्याला छान जुळते.

त्याच दिवशी विक्रीवाल्या मुलाने येण्याची जुळणी घेतली. इथली खरी अडचण अशी की फार्मा कंपन्या पाच-सहा बिलांचे पैसे एकत्र पाठवतात, आपल्या डेबिट नोट कापून, आणि कुठल्या बिलाचे किती हा तपशील वेगळ्या मेलवर, तोही दोन-तीन दिवसांनी. पूर्वी तो रक्कम कुठल्याच बिलाला न लावता ऑन अकाउंट टाकून पुढे जायचा आणि महिन्याच्या शेवटी ऑन अकाउंटचा डोंगर. एक उदाहरण बघा, ७,६०,००० च्या बिलांपोटी ७,४६,३२० आले, १३,६८० कमी. विचारल्यावर कळलं की एका लॉटमधल्या बॉक्सची बर्स्टिंग स्ट्रेंग्थ कमी भरली म्हणून त्यांनी २४ ऑगस्टची डेबिट नोट काढलीय, आपल्यापर्यंत पोचलीच नव्हती. क्वालिटीवाल्याने ती खरी म्हणून मान्य केली, क्रेडिट नोट ऑगस्टच्या तारखेने झाली आणि ११ च्या जीएसटीआर-१ मध्ये गेली. फोन ३ ला झाला म्हणून हे शक्य झालं, १५ ला झाला असता तर विक्री, जीएसटी आणि येणं तिन्ही चुकीचे गेले असते.

२ तारीख तरतुदींची, म्हणजे बिल न आलेला पण ऑगस्टचाच खर्च अंदाजाने नोंदायची. ट्रान्सपोर्टचं सांगतो कारण इथे सगळ्यांना वाटतं की बिल आल्याशिवाय आकडा कळतच नाही. कळतो की, आपल्याकडे गेटपास आहेत आणि दर ठरलेले आहेत. ऑगस्टमध्ये १८ खेपा, त्यातल्या ११ ची बिलं आलेली, ७ ची नाहीत. त्यातल्या ५ वेर्ण्याच्या, प्रत्येकी ३,५०० म्हणजे १७,५००, आणि २ गोव्याबाहेरच्या, प्रत्येकी २४,००० म्हणजे ४८,०००. एकूण ६५,५०० ची तरतूद ३१ ऑगस्टला, आणि तीच उलटी एन्ट्री १ सप्टेंबरला, म्हणजे खरं बिल सप्टेंबरमध्ये आपल्या चालीने नोंदलं तरी खर्च दोनदा लागत नाही. बिलं नंतर ६६,७०० ची आली, एका गाडीचं थांबण्याचं १,२०० जास्त, ते सप्टेंबरला गेलं. टीमने ठरवलंय की १०,००० पर्यंतच्या फरकासाठी बंद महिना उघडायचा नाही. विजेचं पण तसंच, ३१ ला वॉचमनने मीटरचा फोटो काढला, मागच्या रीडिंगपासूनचे युनिट गुणिले मागच्या बिलाचा सगळं धरून पडलेला दर.

इथे टॅली वापरणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. टॅलीत रिव्हर्सिंग जर्नल नावाचं व्हाउचर आहे आणि नावावरून वाटतं की हेच ते, पण ते पुस्तकात कायमचं बसत नाही, सिनारिओ लावून रिपोर्ट बघितला तरच दिसतं. म्हणजे मॅडमच्या स्क्रीनवर तरतूद दिसते आणि सीएच्या ट्रायल बॅलन्समध्ये नाही. साधी जर्नल ३१ ला आणि साधी उलटी जर्नल १ ला, एवढं करा, डोक्याला ताप नाही.

३ ला स्टॉकचं मूल्य लागलं आणि ४ ला सकाळी पहिला ट्रायल बॅलन्स निघाला. विक्री ६२,००,०००, आणि मालाचा वापर विक्रीच्या ७० टक्के. ह्या कारखान्यात तो ६३ ते ६५ च्या मध्ये असतो. पाच टक्के म्हणजे तीन लाखांच्या वर रुपये, आणि कागदाचा भाव तर महिनाभर हललेला नव्हता. एवढा फरक दिसला की मी आधी कट-ऑफकडेच बघतो. वेस्टेज वाढलं असेल असं प्रॉडक्शनवाले म्हणणार, पण वेस्टेज एका महिन्यात असं उडी मारत नाही आणि मारलं तर भंगाराच्या वजनात दिसतं, इथे भंगार नेहमीएवढंच होतं.

मॅडमनी पाच नंबरचा कागद काढला आणि गेटचं आवक रजिस्टर घेऊन प्रत्येक नंबरसमोर जीआरएन लावत गेल्या. ४१२ नंबरपुढे जीआरएन नाही. २६ ऑगस्ट, संध्याकाळी सात, कागदाच्या रिळांची गाडी. मोजणी तोवर आटपलेली, माणसं घरी निघालेली, ड्रायव्हर चार दिवस थांबणार नाही म्हणून होती त्या दोघा-तिघांनी रिळं मागच्या शेडमध्ये उतरवून ताडपत्री टाकली. वजन केलं नाही, जीआरएन केला नाही. सोमवारी स्टोअरवाल्याने वजन करून १ सप्टेंबरचा जीआरएन काढला. पण गाडीबरोबरचं बिल वॉचमनने प्रामाणिकपणे अकाउंट्सच्या ट्रेमध्ये टाकलं होतं आणि त्यावर २५ ऑगस्ट तारीख होती, म्हणून खरेदी ऑगस्टमध्ये नोंदली गेली. खरेदी आत, माल बाहेर. ९ टन, टनाला ३६,००० प्रमाणे ३,२४,०००. विक्रीच्या सव्वापाच टक्के. माल धरल्यावर वापर पावणेपासष्टच्या जवळ आला.

आता ह्यात कुणाची चूक म्हणायची? वॉचमनने रजिस्टर लिहिलं, बिल पोचवलं. कामगारांनी पावसात रिळं भिजू दिली नाहीत. स्टोअरवाल्याने वजन न करता जीआरएन काढला नाही, ते तर बरोबरच. प्रत्येकाने आपलं काम केलं आणि तरी तीन लाखांचा फरक. म्हणून नियम एवढाच बदलला की गेटच्या आवक रजिस्टरातला नंबर जीआरएनवर आणि बिलाच्या मागे दोन्हीकडे लिहिल्याशिवाय खरेदीची एन्ट्री होणार नाही, आणि महिन्याच्या शेवटी जीआरएन नसलेला आवक नंबर असेल तर तो माल "वजन बाकी" म्हणून बिलाच्या वजनाने स्टॉकमध्ये धरायचा. ह्याच कारणासाठी मोजणीच्या आधी गेटवर विचारायचं, आत आलेली पण न उतरलेली गाडी आहे का, आणि मोजणीनंतर आलेल्या गाडीचा नंबर मोजणीच्या कागदाखाली लिहायचा.

दुसरा मुद्दा शनिवारच्या गाडीचा, आणि इथे शेठबरोबर बराच वाद झाला. ३० ला संध्याकाळी ४,२०,००० चा माल पुण्याजवळच्या प्लांटसाठी निघाला. इन्व्हॉइस ३० ऑगस्टचा, ई-वे बिल ३० चं. माल पोचला सोमवारी १ सप्टेंबरला. ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलंय की त्यांच्या गेटवर पोच, रस्त्यात काही झालं तर जोखीम आपली. मग ही विक्री ऑगस्टची की सप्टेंबरची? शेठ म्हणाले, "बिल ऑगस्टचं, जीएसटी ऑगस्टचा भरतोय, तर विक्री सप्टेंबरची कशी?" प्रश्न अगदी योग्य आहे. जीएसटीला इन्व्हॉइसची तारीख चालते, म्हणून जीएसटीआर-१ मध्ये ती ऑगस्टलाच गेली पाहिजे. पण मालाची जोखीम गिऱ्हाईकाकडे गेली सोमवारी, म्हणून हिशोबात विक्री सप्टेंबरची, आणि ३१ ला तो माल मार्गस्थ म्हणून आपल्या स्टॉकमध्ये, विक्रीच्या भावाने नाही तर ३,१०,००० ह्या किमतीने.

ह्यातला व्यवहारातला भाग बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहे. मागच्या काही महिन्यांत जो फरक येत होता त्यातला मोठा वाटा नेमका हाच निघाला. अशी गाडी येण्यात पण धरली जायची, कारण इन्व्हॉइस झालाय, आणि स्टॉकमध्ये पण, कारण स्टोअरचं रजिस्टर सोमवारी लिहिलं जायचं. एकच माल दोनदा, आणि त्यावर ड्रॉइंग पॉवर. कधी उलट, दोन्हीकडून सुटलेला. आता नियम असा की शेवटच्या गेटपासपर्यंतच्या प्रत्येक गाडीपुढे पोच मिळाल्याची तारीख लिहायची, ३१ नंतरची असेल तर स्टॉकमध्ये, येण्यात नाही. जीएसटीशी जुळवायला एक ओळ पुरते, पुस्तकातली विक्री ६२,००,००० अधिक मार्गस्थ ४,२०,००० म्हणजे जीएसटीआर-१ ची ६६,२०,०००. जुलैच्या शेवटी अशी गाडी नव्हती, नाहीतर ती वजा झाली असती. १३,६८० ची क्रेडिट नोट दोन्हीकडे आहे म्हणून ती ह्या ओळीत येत नाही. हा कागद दर महिन्याला सीएला जातो, वर्षाच्या शेवटी बारा महिन्यांचा फरक शोधायला बसावं लागत नाही.

४ च्या संध्याकाळी टॅलीत मागच्या तारखेच्या व्हाउचरसाठी कट-ऑफ तारीख ३१ ऑगस्ट लावली, मॅडम सोडून सगळ्यांसाठी. एडिट लॉग चालू असतोच, कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून तो बंधनकारक आहे, पण लॉगमधून कुणी काय बदललं ते नंतर कळतं, बदल थांबत नाही. कुलूप लागल्यावर सुरुवातीला रोज कुणीतरी मॅडमच्या टेबलाशी, "एकच एन्ट्री आहे, पटकन करून घ्या ना." त्यांनी एक वही ठेवली, "नंतर आलेलं", रक्कम १०,००० च्या वर असेल तरच चर्चा, नाहीतर सप्टेंबर. ऑगस्टसाठी त्या वहीतल्या एकाही गोष्टीसाठी कुलूप काढावं लागलं नाही.

५ ला मॅडमनी जुलैशी तुलना करून खर्चाची प्रत्येक ओळ बघितली, ६ ला टीडीएस भरला, ८ ला रिपोर्ट शेठकडे गेला आणि ९ ला बँकेचं स्टेटमेंट, पहिल्यांदाच पुस्तकातला आणि बँकेला दिलेला स्टॉक एकच आकडा. ११ ची जीएसटीआर-१ शांतपणे झाली.

इनपुट क्रेडिटचं, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी वळता करून घ्यायचं, काम मात्र मुद्दाम क्लोजिंगच्या बाहेर ठेवलंय. २बी १४ ला येतं, तोवर पुस्तक उघडं ठेवायचं म्हणजे पुन्हा जुनी कथा. पुस्तकात क्रेडिट बिलाप्रमाणे घेतलं जातं, २बी आलं की बिलं लावून बघायची, जी दिसत नाहीत त्यांचा कर "२बी मध्ये यायचा बाकी" ह्या वेगळ्या लेजरला, आणि ३बी मध्ये तेवढं क्रेडिट घ्यायचं नाही. चुकलेल्या पुरवठादाराला १४ नंतर फोन करून त्या महिन्यापुरता उपयोग नाही, त्याची जीएसटीआर-१ अकराला जाते, म्हणून फोन ८-९ ला. दोन छोटे पुरवठादार, एक गमवाला आणि एक स्टिचिंग वायरवाला, तिमाही रिटर्नवाले आहेत. त्यांनी महिन्याची बिलं १३ पर्यंत आयएफएफमध्ये, म्हणजे तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांची बिलं दाखवायच्या सोयीत, टाकली तर ऑगस्टच्या २बी मध्ये दिसतात, नाहीतर थेट तिमाहीच्या शेवटी. गमवाल्याने टाकली. वायरवाल्याने नाही टाकली, रक्कम किरकोळ होती, लेजरला राहिली.

न सुटलेल्या दोन गोष्टी आहेत. एक, गिऱ्हाईकांच्या क्वालिटी डेबिट नोट. काही कंपन्या माल वापरताना नापास करतात, म्हणजे तीन-चार आठवड्यांनी, तेव्हा ऑगस्टच्या विक्रीवरची डेबिट नोट सप्टेंबरच्या शेवटी येते. मागच्या वर्षाचा अनुभव बघून विक्रीच्या ठरावीक टक्क्याची तरतूद करावी असं माझं मत, शेठना ते पटलेलं नाही, त्यांना प्रत्येक डेबिट नोट भांडून परत घेता येईल असं वाटतं. सध्या रिपोर्टखाली एक ओळ असते, अजून न आलेल्या डेबिट नोट धरलेल्या नाहीत.

दुसरी, सप्टेंबर. २२ सप्टेंबरपासून कोरुगेटेड बॉक्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे महिन्याच्या मध्येच आणखी एक कट-ऑफ. २१ ला रात्री पाच नंबरचा तोच कागद पुन्हा लिहून घेतला, आणि २१ पर्यंत १२ टक्क्यांनी गेलेल्या मालावर आता येणाऱ्या क्रेडिट नोट १२ नेच करायच्या हे विक्रीवाल्या मुलाने बिलिंगच्या कॉम्प्युटरवर चिकटवून ठेवलंय.